बोनसच्या दिवशी भाव अर्धा झाला, मग पैसे कुठे गेले?

«मी ऐरोलीत राहते, शाळेत शिक्षिका आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका कंपनीचे ६० शेअर १,५०० रुपयांनी घेतले होते. काल बाजार बंद होताना भाव २,१०० होता, म्हणजे १,२६,००० रुपये. कंपनीने १:१ बोनस जाहीर केला होता आणि आज रेकॉर्ड डेट होती. सकाळी ॲप उघडलं तर भाव १,०४८ आणि शेअर अजून ६०च. सगळं लाल, ३० टक्के तोटा! मिस्टर म्हणतात, आणखी पडायच्या आत विकून टाक. माझे अर्धे पैसे खरंच गेले का? नसतील गेले, तर मग बोनस मिळून फायदा काय झाला? आणि बोनस आणि स्प्लिट एकच का?»

आज विकू नका. कंपनीत काही बिघडलंय असं मुळीच नाही. न विकण्याचं कारण कराचं आहे, त्याकडे शेवटी येतो. आधी तुमचे पैसे कुठे आहेत ते पाहू.

ठाण्यात नौपाड्यात आमचं छोटं ऑफिस आहे. पंचवीसेक वर्षं लोकांची डिमॅट खाती आणि आयकराची विवरणपत्रं दोन्ही हाताखालून जातात. बोनसच्या सकाळी येणारे फोन मला तोंडपाठ आहेत आणि घाबरलेल्या आवाजात विचारलेला प्रश्न नेहमी हाच असतो. लोक घाबरतात यात त्यांची चूक नाही. ॲपच्या पडद्यावर त्या दिवशी अर्धीच गोष्ट दिसते. भाव नवा असतो आणि शेअरची संख्या जुनी. नव्या भावाला जुन्या संख्येने गुणलं तर उत्तर चुकणारच.

तुमचा खरा हिशेब असा. काल ६० शेअर, प्रत्येकी २,१००, एकूण १,२६,०००. १:१ बोनस म्हणजे प्रत्येक शेअरवर एक नवा, म्हणून आज तुमच्या हक्काचे शेअर १२० आहेत, त्यातले ६० खात्यात दिसतात आणि ६० यायचे आहेत. १२० ला १,०४८ ने गुणलं की १,२५,७६० येतात. म्हणजे आजच्या दिवसात तुमचं खरं नुकसान २४० रुपये झालंय. कालचा २,१०० चा भाव निम्मा केला की १,०५० होतो. आजच्या भावाची तुलना त्या १,०५० शी करायची. दोन रुपयांची घसरण, टक्क्याच्या पाचव्या भागाइतकी. कुठल्याही साध्या दिवशी शेअर इतका इकडेतिकडे होतोच.

आता भाव अर्धा झाला तो कुणी केला? बहुतेकांना वाटतं की शेअर बाजाराच्या संगणकात कुणीतरी बटण दाबून भाव अर्धा करतं. तसं होत नाही. रेकॉर्ड डेटच्या आदल्या दिवशी जो शेअर घेतो, त्याला आपल्याकडच्या टी+१ पद्धतीप्रमाणे दुसऱ्या दिवशी, म्हणजे रेकॉर्ड डेटलाच, शेअर मिळतात. त्या दिवशी कंपनी भागधारकांची जी यादी धरते तिच्यात त्याचं नाव असतं, बोनस त्याला मिळतो. रेकॉर्ड डेटच्या दिवशी जो घेतो, त्याला शेअर त्याच्या पुढच्या दिवशी मिळतात. यादी तोवर बंद झालेली असते, त्याला बोनस मिळत नाही. म्हणजे काल बाजारात विकला जात होता तो एक शेअर आणि त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या आणखी एका शेअरचा हक्क. आज विकला जातोय तो फक्त शेअर, हक्काशिवाय. काल दोन वस्तू २,१०० ला मिळत होत्या आणि आज त्यातली एकच मिळतेय. एका वस्तूला कुणी २,१०० का देईल? सकाळी नऊ वाजता बाजाराचं पूर्वसत्र सुरू होतं तेव्हा घेणारे आणि विकणारे हे सगळं जाणूनच आपापल्या ऑर्डर टाकतात. त्यातून भाव १,०५० च्या आसपास ठरतो.

उलट विचार करून बघा. समजा भाव पडलाच नाही, आजही २,१०० च राहिला. मग काल संध्याकाळी कुणीही २,१०० ला एक शेअर घेऊन दोन दिवसांत प्रत्येकी २,१०० चे दोन हातात ठेवले असते, काहीही न करता पैसे दुप्पट. असं असतं तर कालच सगळ्या मुंबईने तो शेअर घ्यायला धाव घेतली असती आणि विकायला कुणीच तयार झालं नसतं. भाव अर्धा होणं म्हणजे बाजाराने हीच फुकटची कमाई बंद करणं.

शेअर बाजार मात्र एक काम नक्की करतो. भाव एका दिवसात किती वरखाली जाऊ शकतो याची मर्यादा, म्हणजे सर्किट, आदल्या दिवशीच्या बंद भावावरून मोजतात. ती मोजण्यासाठी कालचा भाव २,१०० ऐवजी १,०५० धरतात. हे केलं नाही तर सकाळी पहिल्याच सौद्याला शेअर खालच्या सर्किटला अडकेल. एवढाच त्यांचा हात, बाकी भाव माणसंच ठरवतात.

आता कंपनीच्या आत काय झालं ते बघू, कारण तिथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. आकडे सोपे धरतो. समजा कंपनीचे १ कोटी शेअर आहेत, प्रत्येकाची दर्शनी किंमत, म्हणजे कागदावरची किंमत, १० रुपये. म्हणजे भागभांडवल १० कोटी. वर्षानुवर्षांचा नफा साठून राखीव निधी २०० कोटी झालाय. भागधारकांचं मिळून कंपनीत २१० कोटी आहे. कंपनी १:१ बोनस देते म्हणजे आणखी १ कोटी शेअर छापते. प्रत्येकी १० रुपयांप्रमाणे १० कोटी रुपये राखीव निधीतून उचलून भागभांडवलात टाकते. आता भागभांडवल २० कोटी, राखीव निधी १९० कोटी. बेरीज किती? २१० कोटीच. बँकेतून एक रुपया बाहेर गेला नाही, एक रुपया आत आला नाही. कपाटातल्या एका खणातली रक्कम दुसऱ्या खणात ठेवली. तो राखीव निधी आधीही तुमचाच होता, फक्त त्याच्यावरची चिठ्ठी बदलली.

नफ्याचंही तसंच. कंपनी वर्षाला ६० कोटी कमावत असेल तर काल दर शेअरमागे ६० रुपये येत होते, आज ३० येतील. कारखाना तोच, माल तोच, गिऱ्हाईक तेच. काल २,१०० च्या भावाने लोक ६० रुपयांच्या कमाईला ३५ पट किंमत देत होते. आज १,०५० च्या भावाने ३० रुपयांच्या कमाईला ३५ पटच देतात. म्हणून शेअर आता स्वस्त झाला असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. तुकडा लहान झाला, किंमत तीच राहिली.

लाभांश मिळतो त्या दिवशीही भाव पडतो, पण त्यात एक फरक आहे. लाभांशाचे पैसे खरोखर कंपनीतून निघून तुमच्या बँकेत येतात, त्यामुळे कंपनी तेवढीच हलकी होते. बोनसमध्ये कंपनी हलकी होत नाही, तिचे भाग तेवढे वाढतात.

आता स्प्लिट. हे समजायला तुमच्या घरातच एक कागद आहे. ऐरोलीतला फ्लॅट सहकारी सोसायटीत असेल तर कपाटात सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट असेल. माझ्या सोसायटीत प्रत्येक सभासदाला ५० रुपयांचे १० शेअर आहेत, म्हणजे कागदावर ५०० रुपये. उद्या सोसायटीने ठरवलं की ५० चा शेअर मोडून २५ चे दोन करायचे, तर माझ्याकडे २० शेअर होतील. माझा हॉल मोठा होईल का? बाल्कनी वाढेल का? नाही. आणि ठाण्यातल्या फ्लॅटची किंमत त्या ५०० रुपयांवरून ठरत नाही हेही आपल्याला पक्कं माहीत असतं. शेअरची दर्शनी किंमत म्हणजे ते ५०, आणि बाजारभाव म्हणजे फ्लॅटची किंमत. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

स्प्लिटमध्ये हेच होतं. १० रुपये दर्शनी किमतीचा शेअर ५ चे दोन होतो, किंवा २ चे पाच, किंवा १ चे दहा. राखीव निधीला हात लागत नाही, भागभांडवलाचा आकडाही बदलत नाही. बोनसमध्ये दर्शनी किंमत तीच राहते आणि शेअर नव्याने निर्माण होतात. स्प्लिटमध्ये दर्शनी किंमत फुटते आणि जुन्याच शेअरचे तुकडे होतात. भावावर परिणाम दोन्हीकडे सारखाच. एचडीएफसी बँकेने २०१९ मध्ये २ रुपयांचा शेअर १ चा केला तो स्प्लिट होता, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये १:१ दिला तो बोनस. दोन्ही वेळा भाव निम्मा झाला. बजाज फायनान्सने जून २०२५ मध्ये दोन्ही एकाच दिवशी केले. २ चा शेअर १ चा केला आणि वर एकास चार बोनस दिला. एकाचे आधी दोन झाले, मग प्रत्येकावर चार नवे, म्हणजे एकाचे दहा. नऊ हजारांच्या वरचा भाव दुसऱ्या दिवशी हजाराच्या आत दिसला. त्या सकाळी ज्यांनी फक्त भाव पाहिला आणि बातमी वाचली नव्हती, त्यांची काय अवस्था झाली असेल ते तुम्ही आज ओळखू शकता.

गुणोत्तर वाचताना नेहमी एक गोंधळ होतो. बोनसमध्ये आधीचा आकडा नव्या शेअरचा असतो आणि नंतरचा जुन्याचा. २:१ म्हणजे प्रत्येक एका शेअरवर दोन नवे, एकूण तीन, त्यामुळे भाव एक तृतीयांश. १:२ म्हणजे प्रत्येक दोन शेअरवर एक नवा, दोनाचे तीन, आणि भाव दोन तृतीयांश. बातम्यांमध्ये स्प्लिट मात्र १:५ असा लिहितात तेव्हा त्याचा अर्थ एकाचे पाच असतो, वर सहावा नाही. घोषणा आली की आधी स्वतःला विचारायचं, माझ्या शंभराचे किती होणार? ते कळलं की कालचा भाव गुणिले आधीचे शेअर, भागिले नंतरचे एकूण शेअर. बाकी काही पाठ करायला नको.

मग कंपन्या हे करतात कशाला? मुख्य कारण साधं आहे. भाव फार वर गेला की लहान गुंतवणूकदार हात आखडतो, रोजचे सौदे कमी होतात. एका शेअरला दहा हजार लागत असतील तर दरमहा पाच हजार बाजूला काढणारी शिक्षिका तो घेऊच शकत नाही. भाव लहान झाला की घेणारे वाढतात, विकायचं असेल तेव्हा गिऱ्हाईक पटकन मिळतं. ज्याला अर्धाच भाग विकायचाय त्यालाही सोपं जातं. हा फायदा खरा आहे, पण त्याला संपत्ती वाढणं म्हणता येत नाही. एमआरएफने शेअर फोडायच्या फंदात न पडता भाव वर जाऊ दिला. तिचे एकूण शेअर सुमारे ४२ लाखच आहेत आणि जून २०२३ मध्ये एका शेअरने १ लाख रुपये ओलांडले. त्यामुळे ना ती कंपनी महाग झाली, ना स्वस्त.

बोनसची बातमी येते तेव्हा भाव अनेकदा वर जातो. आज १,०५० झालेला तुमचा २,१०० चा भाव घोषणेआधी कदाचित १,९०० असेल. ती वाढ खोटी म्हणता येणार नाही, पण ती बोनसने निर्माण केलेली नसते. संचालकांना पुढच्या नफ्याची खात्री असल्याशिवाय ते एवढे शेअर वाढवणार नाहीत, असा लोकांचा अंदाज असतो. अंदाज चुकला तर ती वाढ परतही जाते. इथे लहानसहान कंपन्यांबाबत मी जरा कडक बोलतो. ज्या कंपनीचा नफा दोन-तीन वर्षं हललेला नाही, ती पाठोपाठ बोनस आणि स्प्लिट करत भाव दहा-वीस रुपयांवर आणते आणि त्याच काळात दर तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात प्रवर्तकांचा हिस्सा घसरत जातो, ती कंपनी मी कुणाला घेऊ देत नाही. तो तक्ता शेअर बाजारांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. दोन तिमाहींचे तक्ते शेजारी ठेवले की कोण विकतंय ते लगेच दिसतं.

तुमचे ६० शेअर कुठे अडकलेत तेही सांगतो. अडकलेले नाहीत, वाटेत आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून सेबीचा नियम असा की रेकॉर्ड डेटपासून दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी बोनसचे शेअर विकायला उपलब्ध झाले पाहिजेत. मध्ये शनिवार, रविवार आला तर तेवढे दिवस पुढे. त्याआधी याला आठवडा, पंधरवडाही लागायचा आणि तोवर लोकांचा जीव टांगणीला. मला आठवतं, कळव्याचे एक गृहस्थ अशाच मधल्या दिवसांत ऑफिसात आले. ॲपवर निम्मी रक्कम पाहून त्यांनी घाबरून सगळे शेअर विकले होते. दोन आठवड्यांनी खात्यात बोनसचे शेअर आले तेव्हा त्यांना वाटलं की चुकून दुसऱ्याचेच आले. चूक नव्हती. रेकॉर्ड डेटला नाव यादीत असलं की बोनस तुमचा. त्या दिवशी सकाळी जुने शेअर विकले तरी तो हक्क जात नाही. म्हणजे तुम्हीही आज घाबरून विकलं असतं तरी अर्धे पैसे बुडाले नसते.

स्प्लिटमध्ये वाटेत आणखी एक गोष्ट होते. दर्शनी किंमत बदलल्यामुळे शेअरचा आयसिन क्रमांक, म्हणजे त्याची बारा अक्षरी ओळख, बदलते. जुने शेअर खात्यातून वजा होतात आणि नव्या क्रमांकाचे जमा होतात. या अदलाबदलीत एखादा दिवस खात्यात शून्यही दिसू शकतं. तेव्हाही घाबरायचं नाही.

घाबरण्यासारखी जागा वेगळीच आहे. ॲपवर अनेकजण स्टॉपलॉसची ऑर्डर महिनोन्महिने लावून ठेवतात, भाव अमुक रुपयांखाली गेला की आपोआप विका अशी. वाशीच्या एका ग्राहकाने २,१०० च्या शेअरवर १,९०० ची अशी ऑर्डर लावली होती आणि तो विसरून गेला. बोनसच्या सकाळी भाव १,०५० ला उघडला. संगणकाला बोनस कळत नाही, १,९०० पेक्षा खाली एवढंच कळतं. बाजार उघडताच त्याचे सगळे शेअर विकले गेले. पुष्कळ ब्रोकर अशा ऑर्डर आदल्या दिवशी स्वतः रद्द करतात, पण त्याच्या ब्रोकरने केली नव्हती. बोनस आला, पैसे बुडाले नाहीत, पण ज्या कंपनीत दहा वर्षं राहायचं ठरवलं होतं तिच्यातून निम्मा हिस्सा नको तेव्हा बाहेर पडला. रेकॉर्ड डेटच्या आदल्या संध्याकाळी आपल्या सगळ्या लावून ठेवलेल्या ऑर्डर एकदा बघायच्या आणि काढून टाकायच्या, ही सवय तेव्हापासून मी प्रत्येकाला लावतो.

आता कराकडे. भावाच्या दृष्टीने बोनस आणि स्प्लिट जुळे भाऊ, पण आयकराच्या दृष्टीने ते दोन वेगळ्या घरांत राहतात. तुम्हाला आज विकू नका म्हणालो ते याचसाठी.

समजा तुमच्या कंपनीने १० चा शेअर ५ चा केला असता, म्हणजे स्प्लिट. तुम्ही ९०,००० घातले होते, ते १२० शेअरवर वाटले जातात, प्रत्येकी ७५०. खरेदीची तारीख फेब्रुवारी २०२३ च राहते. १,०५० ला सगळे विकले तर प्रत्येकी ३०० नफा, एकूण ३६,०००. वर्षापेक्षा जास्त काळ ठेवल्यामुळे तो दीर्घकालीन नफा. अशा नफ्यावर वर्षाला १,२५,००० पर्यंत कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. तुमचा कर शून्य.

बोनसमध्ये कायदा तसं वाटून देत नाही. जुन्या ६० शेअरची खरेदी किंमत १,५०० च राहते आणि तारीख २०२३ ची. नव्या ६० ची खरेदी किंमत शून्य धरतात आणि तारीख ते वाटप झाल्याची, म्हणजे या आठवड्याची. आता सगळे १२० शेअर १,०५० ला विकले असं धरा. डिमॅटमध्ये जे आधी आले ते आधी गेले असं धरतात. पहिल्या ६० वर प्रत्येकी ४५० तोटा, एकूण २७,००० चा दीर्घकालीन तोटा. पुढच्या ६० वर प्रत्येकी १,०५० नफा, एकूण ६३,००० चा अल्पकालीन नफा. वजाबाकी केली की ३६,००० च येतात, खिशात आलेली रक्कम स्प्लिटइतकीच. पण दीर्घकालीन तोटा अल्पकालीन नफ्यातून वजा करता येत नाही, तो फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो. म्हणून ६३,००० वर पूर्ण २० टक्के, म्हणजे १२,६०० आणि वर चार टक्के उपकर, एकूण १३,१०४ रुपये. त्याच कंपनीत, त्याच भावाने, फक्त घाई केली म्हणून.

हेच नवे ६० शेअर वाटप झाल्यापासून बारा महिन्यांच्या पुढे गेले की तेही दीर्घकालीन होतात. भाव तेव्हाही १,०५० धरला तर ६३,००० चा नफा आणि २७,००० चा तोटा एकाच रांगेत येतात, उरतात ३६,०००, आणि ते १,२५,००० च्या आत असल्याने कर नाही. अर्थात त्या वर्षात दुसरीकडून मोठा दीर्घकालीन नफा झाला नसेल तर. एका वर्षात भाव कुठे जाईल ते मला सांगता येणार नाही. कंपनीच वाईट वाटत असेल तर करासाठी थांबू नका. पण तुमच्या प्रश्नात कंपनीबद्दल तक्रार एकही नव्हती, फक्त लाल आकडा होता.

अधेमधे पैशांची गरज पडलीच तर तुमच्याकडून आधी विकले जातील ते जुने ६०. त्यात कागदावर तोटा दिसेल आणि तो खरा तोटा मानला जातो, विवरणपत्र मुदतीत भरलं तर पुढच्या आठ वर्षांपर्यंत दीर्घकालीन नफ्यातून वजा करता येतो. काही हुशार लोक या फटीचा उपयोग करायचे. रेकॉर्ड डेटच्या जरा आधी शेअर घ्यायचे, बोनस घ्यायचे, जुने तोट्यात विकून तो तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करायचे. सरकारने २०२२ च्या वित्त कायद्याने ती फट शेअरसाठीही बुजवली. रेकॉर्ड डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतलेले जुने शेअर पुढच्या नऊ महिन्यांत तोट्यात विकले आणि बोनसचे हातात ठेवले, तर तो तोटा मिळत नाही. तो बोनसच्या शेअरची खरेदी किंमत म्हणून धरला जातो. तुमची खरेदी २०२३ ची आहे, तुम्हाला हा नियम लागत नाही.

ॲप इथेही गोंधळ घालतं. शेअर जमा झाले की बहुतेक ॲप सरासरी काढून १२० शेअर, खरेदी ७५० असं दाखवतात. मनाच्या समाधानाला ते बरोबर आहे, कारण तुमचे ९०,००० खरोखरच १२० शेअरमध्ये आहेत. विवरणपत्र भरताना मात्र तो ७५० वापरायचा नाही. तिथे ६० शेअर १,५०० चे आणि ६० शून्याचे. मार्चनंतर माझ्याकडे येणाऱ्या चुकांमध्ये ही चूक पहिल्या पाचात असते.

म्हणून आज एवढंच करा. या कंपनीवर स्टॉपलॉसची ऑर्डर लावली असेल तर काढून टाका. पुढच्या दोन कामकाजाच्या दिवसांनी डिमॅटमध्ये १२० दिसतात का ते बघा. ॲपवर दिसले नाहीत तर ब्रोकरशी भांडण्याआधी सीडीएसएल किंवा एनएसडीएल, ज्यांच्याकडे तुमचं खातं आहे, त्यांच्या विवरणात बघा. शेअर आधी तिथे येतात, ॲप मागून सुधारतं. आणि वाटप झाल्याची तारीख तुमच्या वहीत १,५०० च्या खरेदीखाली लिहून ठेवा: «६० बोनस, किंमत शून्य», आणि समोर ती तारीख.